ऑनलाइन कोर्स सोडल्यावर 'फी परत मिळणार नाही' असं सांगितलं, तर काय करता येतं?

ऑनलाइन कोर्स किंवा कोचिंगला प्रवेश घेताना एका चौकोनात टिक करावी लागते. त्यामागच्या अटींमध्ये कुठेतरी एक ओळ असते: 'एकदा भरलेली फी कोणत्याही कारणास्तव परत केली जाणार नाही.' महिन्या-दोन महिन्यांनी कोर्स सोडायची वेळ आली की कंपनी नेमकी हीच ओळ दाखवते. टिक तर आपणच केली, आता काय बोलणार, असं म्हणून बरेच जण तिथेच थांबतात. प्रत्यक्षात या ओळीचं वजन छापलेल्या अक्षरांइतकं नसतं. मात्र पैसे परत मिळणं अनेक गोष्टींवर अवलंबून असतं. कोर्स का सोडला, किती वापरला, कधी आणि कोणत्या शब्दांत कळवलं आणि फी रोख भरली होती की कर्जाच्या हप्त्यांवर, हे सगळं त्यात येतं. यातलं शेवटचं लोकांच्या सर्वात उशिरा लक्षात येतं.

'नो रिफंड' अट कायद्यापुढे किती टिकते?

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये 'अनुचित व्यापारी प्रथा' कशाला म्हणायचं याची यादी आहे. त्रुटी असलेली सेवा बंद करून पैसे परत करायला नकार देणं हे या यादीत स्पष्टपणे येतं. पावतीवर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत आणि दिली नसेल तर ३० दिवसांत पैसे परत करणं अपेक्षित असतं. म्हणजे सेवेत त्रुटी असेल, तर 'आमच्या धोरणात बसत नाही' हे उत्तर पुरेसं ठरत नाही.

त्रुटी म्हणजे काय, हाच इथला कळीचा मुद्दा आहे. आठवड्याला तीन थेट तास सांगितले आणि महिन्याभराने त्या जागी रेकॉर्ड केलेले व्हिडिओ दिले, ही त्रुटी. जाहिरातीतले शिक्षक प्रत्यक्षात शिकवायलाच नाहीत, ठरलेला वैयक्तिक मार्गदर्शक मिळत नाही, शंका विचारल्या तर आठवडाभर उत्तर येत नाही, याही त्रुटीच. 'शंभर टक्के नोकरीची हमी' फोनवर दिली आणि करारात फक्त 'नोकरीसाठी साहाय्य' लिहिलं, तर तो दिशाभूल करण्याचा प्रकार होतो. कोचिंग क्षेत्रातल्या अशा जाहिरातींसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वंही काढली आहेत.

याउलट कोर्स ठरल्याप्रमाणे चालू आहे आणि विद्यार्थ्याचाच विचार बदलला, तर बाजू कमकुवत होते. ती संपत मात्र नाही. पुढच्या काळाची सेवा दिलेलीच नसताना तिचे पैसे ठेवून घेणं योग्य नाही, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने कोचिंग क्लासच्या प्रकरणांत म्हटलं आहे. २००९ च्या 'सेहगल स्कूल ऑफ कॉम्पिटिशन विरुद्ध दलबीर सिंग' या प्रकरणात दोन वर्षांच्या वैद्यकीय प्रवेश कोचिंगची फी आधीच घेतली होती आणि विद्यार्थ्याने क्लास मध्येच सोडला होता. तिथे परताव्याचा आदेश कायम राहिला. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही हेच सूत्र आहे. पूर्ण फी भरून मध्येच क्लास सोडणाऱ्या विद्यार्थ्याला उरलेल्या काळाची फी त्या प्रमाणात दहा दिवसांत परत द्यावी, असं त्यात म्हटलं आहे. ही तत्त्वं राज्यांसाठी नमुन्यादाखल आहेत, त्यांना थेट कायद्याचं बळ नाही. तरी तक्रारीत त्यांचा उल्लेख उपयोगी पडतो, कारण सरकारला वाजवी काय वाटतं ते त्यातून दिसतं.

एक प्रश्न इथे हमखास निघतो: शिक्षण ही ग्राहक कायद्यातली 'सेवा' नाही ना? शाळा, महाविद्यालयं, विद्यापीठं यांच्याबाबत तसे निकाल आहेत आणि कंपन्यांचे वकील ते पुढे करतात. पण ज्या 'मनू सोळंकी' निकालाचा (जानेवारी २०२०) आधार त्यासाठी घेतला जातो, त्याच निकालात राष्ट्रीय आयोगाने कोचिंग संस्थांना वेगळं काढलं आहे. त्यांची तुलना नियमित शाळा-महाविद्यालयांशी होऊ शकत नाही आणि त्यांच्याविरुद्धची तक्रार ग्राहक आयोगात चालते, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. मान्यताप्राप्त विद्यापीठाची ऑनलाइन पदवी असेल, तर मात्र मार्ग वेगळा. तिथे विद्यापीठ अनुदान आयोगाचं फी परताव्याचं धोरण पाहावं लागतं. कंपनी विकते खाजगी कोर्स आणि जाहिरातीत नाव मिरवते विद्यापीठाचं, असंही होतं. म्हणून पावती कोणाच्या नावाची आहे ते आधी बघावं.

कर्जाचा हप्ता कोर्सबरोबर थांबत नाही

'सोप्या हप्त्यांत फी' म्हणून जे सांगितलं जातं ते बहुतेक वेळा कर्ज असतं. एखादी बँक किंवा बिगर-बँक वित्तीय कंपनी पूर्ण रक्कम थेट कोर्स कंपनीला देते आणि पालक पुढची दीड-दोन वर्षं त्या वित्तीय कंपनीला हप्ते फेडतात. विक्री प्रतिनिधी फोनवर आधार क्रमांक आणि ओटीपी मागतो, आणि पाच मिनिटांत कर्ज मंजूर होतं. आपण कर्ज घेतलं आहे हेच काहींना पहिला हप्ता कापला गेल्यावर कळतं.

यामुळे करार दोन होतात, एक कोर्स कंपनीशी आणि दुसरा कर्ज देणाऱ्याशी. कोर्स रद्द झाला म्हणून कर्ज आपोआप रद्द होत नाही. रागाच्या भरात बँकेत जाऊन हप्ता बंद केला, तर दंड लागतो, वसुलीचे फोन सुरू होतात आणि सिबिल स्कोअर घसरतो. कोर्स कंपनी मात्र निवांत असते, तिला तिचे पैसे कधीच मिळालेले असतात.

हे कर्ज अगदी ताजं असेल तर एक सोपी वाट आहे. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जांच्या नियमांनुसार कर्जदाराला सुरुवातीचा काही काळ कर्जातून बाहेर पडण्याची मुभा द्यावी लागते. मूळ रक्कम आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरलं की दंडाशिवाय कर्ज संपतं. हा काळ कर्ज देणारी संस्था ठरवते, तो निदान एक दिवसाचा असतो आणि कर्जासोबत येणाऱ्या मुख्य तथ्य विवरणपत्रात छापलेला असतो. अर्थात, मूळ रक्कम कोर्स कंपनीकडे गेलेली असल्याने तीही त्याच दिवसांत परत मागावी लागते. कोर्सची 'मोफत चाचणीची मुदत' आणि कर्जाची ही मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सात दिवसांच्या चाचणीवर विसंबून राहिलं, तर कर्जाची मुदत आधीच उलटून गेलेली असू शकते.

एक उदाहरण: आकड्यांसह

समजा, साताऱ्यातल्या एका पालकांनी मुलीसाठी बारा महिन्यांचा डेटा ॲनालिटिक्सचा कोर्स घेतला. फी ९०,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण १,०६,२०० रुपये. त्यातले १७,७०० रुपये सुरुवातीला भरले आणि ८८,५०० रुपयांचं बिनव्याजी म्हणून सांगितलेलं कर्ज झालं, दरमहा ५,९०० रुपयांचे १५ हप्ते. कोर्स ३ जूनला सुरू झाला. महिन्याभरात थेट तास आठवड्याला तीनवरून एकावर आले आणि मार्गदर्शक दोनदा बदलला. २ ऑगस्टला कोर्स सोडायचं ठरलं. तोवर दोन हप्ते गेले होते.

आता मागायचं किती? बारा महिन्यांची फी १,०६,२००, म्हणजे महिन्याला ८,८५० रुपये. दोन महिने वापरले त्याचे १७,७०० रुपये झाले. उरलेल्या दहा महिन्यांचे ८८,५०० रुपये परत मागायचे. पण हे सगळे पैसे पालकांच्या खात्यात मागून उपयोग नाही, कारण कर्जाचे ७६,७०० रुपये अजून फेडायचे आहेत. म्हणून मागणी दोन तुकड्यांत करावी: कोर्स कंपनीने ७६,७०० रुपये थेट कर्ज देणाऱ्या संस्थेला भरून कर्ज बंद करावं आणि पालकांनी भरलेल्या हप्त्यांचे ११,८०० रुपये त्यांच्या खात्यात जमा करावेत. प्रत्यक्षात कर्जाचा शिल्लक आकडा थोडा वेगळा असू शकतो, म्हणून कर्ज देणाऱ्याकडून कर्ज बंद करण्याच्या रकमेचं लेखी विवरण आधी मागवून घ्यावं.

कंपनी यातून काही ना काही वजा करायला बघते. 'नोंदणी फी', 'प्लॅटफॉर्म शुल्क', 'जीएसटी सरकारला गेला, तो परत येत नाही' ही नेहमीची कारणं. जीएसटीचं कारण पूर्ण खरं नाही. सेवा दिली गेली नाही तेवढ्या भागासाठी कंपनी क्रेडिट नोट काढून कर जुळवून घेऊ शकते. त्यासाठी आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंतची मुदत असते. प्रवेश प्रक्रियेचा थोडा खर्च कापला तर तडजोड म्हणून तो मान्य करणं शहाणपणाचं ठरतं. अर्धी फी कापणं मात्र वेगळी गोष्ट आहे. भारतीय करार अधिनियमाच्या कलम ७४ नुसार करार मोडल्याची भरपाई वाजवीच असावी लागते, आणि एका ऑनलाइन बॅचमधून एक विद्यार्थी गेल्याने कंपनीचं नेमकं किती नुकसान झालं, हे विचारायचा हक्क ग्राहकाला असतो.

रद्द करण्याचा ईमेल आणि त्यानंतरचा फोन

'मला कोर्स जमत नाहीये, काही करता येईल का?' असा संदेश रद्द करण्याची सूचना ठरत नाही. व्हॉट्सॲपवर विक्री प्रतिनिधीशी झालेलं बोलणंही पुरेसं नाही. तो प्रतिनिधी दोन महिन्यांत नोकरी सोडून गेलेला असतो. कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल देणं ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार बंधनकारक आहे. त्याच पत्त्यावर, कर्ज देणाऱ्या संस्थेला प्रत पाठवून, ईमेल करावा. तक्रारीची पोहोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हावं, असं हे नियम सांगतात.

ईमेल लांब नको. वरच्या उदाहरणात मजकूर असा असू शकतो: 'अमुक नोंदणी क्रमांकाचा प्रवेश मी आज, २ ऑगस्ट रोजी, रद्द करत आहे. ठरल्याप्रमाणे आठवड्याला तीन थेट तास होत नाहीत आणि नेमलेला मार्गदर्शक उपलब्ध नाही. तपशील सोबत जोडला आहे. आजपासून मी ही सेवा वापरणार नाही. उरलेल्या दहा महिन्यांची फी रुपये ८८,५०० पुढीलप्रमाणे परत करावी.' त्याखाली दोन तुकड्यांतली रक्कम आणि पंधरा दिवसांची मुदत.

ईमेल गेला की फोन येतो, आणि बरीच प्रकरणं इथेच फिसकटतात. समोरची व्यक्ती गोड बोलते: कोर्स तीन महिने थांबवून ठेवू, दुसऱ्या बॅचमध्ये टाकू, महागडा कोर्स त्याच किमतीत देऊ. यातलं काहीही स्वीकारलं की 'ग्राहकाने तोडगा मान्य केला' अशी नोंद होते आणि परताव्याची मुदतही निघून जाते. फोनवर 'मला लेखी पाठवा' एवढंच म्हणावं आणि फोन ठेवल्यावर काय बोलणं झालं ते स्वतःच एका ईमेलमध्ये लिहून पाठवावं. आणखी एक गोष्ट: रद्द केल्यानंतर कोर्समध्ये लॉगिन करू नये. कंपनीकडे कोणी किती व्हिडिओ पाहिले त्याची मिनिटागणिक नोंद असते आणि ती पुढे हमखास सादर होते. सगळे रेकॉर्ड केलेले धडे आधीच पाहून झाले असतील, तर 'दहा महिने उरले आहेत' हा हिशेब टिकत नाही, हेही लक्षात ठेवलेलं बरं.

लॉगिन बंद होण्याआधी पुरावे मात्र जमवून घ्यावेत. प्रवेशाच्या वेळचं माहितीपत्रक आणि जाहिरात, प्रतिनिधीशी झालेल्या गप्पांचे स्क्रीनशॉट, तासांचं वेळापत्रक, रद्द झालेल्या तासांच्या सूचना, पावती, कर्जाचा करार. अटींचं पान तारखेसह पीडीएफ करून ठेवावं, कारण ही पानं गुपचूप बदलतात.

कंपनीने नकार दिल्यावर

पहिली पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनची. १९१५ या क्रमांकावर किंवा consumerhelpline.gov.in वर तक्रार नोंदवता येते. हेल्पलाइन कंपनीला आदेश देऊ शकत नाही, ती तक्रार पुढे पाठवून उत्तर मागते. तरीही मोठ्या कंपन्या इथे बऱ्याचदा नमतात. पैसे लागत नाहीत आणि लेखी नोंद तयार होते. कर्ज देणारी संस्था दाद देत नसेल तर तिच्याकडे लेखी तक्रार करून ३० दिवस वाट पाहावी आणि मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर जावं. लोकपाल कोर्सच्या दर्जावर निकाल देणार नाही. न सांगता कर्ज गळ्यात मारलं, मुख्य तथ्य विवरणपत्र दिलंच नाही, वसुलीसाठी दमदाटी केली, असे मुद्दे तिथे मांडायचे.

पुढची पायरी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. अटींमध्ये 'वाद फक्त बेंगळुरूच्या न्यायालयात' किंवा 'फक्त लवादापुढे' असं लिहिलेलं असतं, पण ग्राहकाला त्याने अडत नाही. २०१९ च्या कायद्याने तक्रारदाराला तो राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा दिली आहे. उदाहरणातले पालक साताऱ्यातच तक्रार करतील. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी शून्य. वकील सक्तीचा नाही, तक्रार मराठीत चालते आणि e-jagriti.gov.in वरून ऑनलाइन दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची.

तक्रार लिहिताना एक तांत्रिक चूक टाळावी. 'करारच अन्यायकारक आहे, तो रद्द करा' अशी मागणी जिल्हा आयोगापुढे चालत नाही. 'अनुचित करारा'च्या तक्रारी कायद्याने राज्य आयोगाकडे दिल्या आहेत. जिल्हा आयोगापुढे 'सेवेतील त्रुटी' आणि 'अनुचित व्यापारी प्रथा' या दोन शब्दांवर तक्रार उभी करावी. कोर्स कंपनीबरोबर कर्ज देणाऱ्या संस्थेलाही प्रतिवादी करावं आणि निकाल लागेपर्यंत हप्त्यांची वसुली थांबवण्याचा अंतरिम आदेश मागावा. कायद्याच्या कलम ३८ मध्ये त्याची तरतूद आहे. तो मिळेपर्यंत हप्ते चालू ठेवणं जड वाटलं तरी सुरक्षित असतं. मागणीत फी, त्यावरचं व्याज आणि त्रासाची माफक भरपाई असावी. मानसिक त्रासापोटी पाच लाख मागितल्याने वजन वाढत नाही. स्क्रीनशॉट जोडताना ते कोणत्या मोबाइलमधून घेतले याचं प्रमाणपत्र सोबत द्यावं. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये त्याचा नमुना आहे.

कायदा अशा तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत लागावा असं म्हणतो, प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो. कंपन्यांनाही तारखांना वकील पाठवणं परवडत नाही, त्यामुळे नोटीस गेल्यावर तडजोडीचा प्रस्ताव येण्याचं प्रमाण बरंच असतं. तेव्हा 'पूर्ण आणि अंतिम तडजोड' लिहिलेल्या कागदावर पैसे जमा होण्याआधी सही करू नये. कर्ज बंद झाल्याचं 'ना हरकत' प्रमाणपत्र त्या संस्थेकडून घ्यावं आणि महिन्या-दीड महिन्याने सिबिल अहवालात ते खातं बंद दिसतंय का ते तपासावं. कंपनी 'कर्ज बंद केलं' म्हणते आणि पुढच्या पाच तारखेला हप्ता कापला जातो, असं घडतं.

आयोगाचा आदेश येऊनही कंपनीने पैसे दिले नाहीत, तर त्याच आयोगात वसुलीचा अर्ज करता येतो. आदेश न पाळणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. कंपनीच दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली असेल, तर मात्र हे सगळे मार्ग थबकतात. त्या काळात तिच्याविरुद्धच्या तक्रारी आणि वसुली स्थगित होते. मग जाहीर सूचनेत नाव असलेल्या अंतरिम तज्ज्ञाकडे, दिलेल्या मुदतीत, पावत्यांसह दावा नोंदवावा लागतो. विद्यार्थी तिथे इतर देणेकऱ्यांच्या रांगेत उभा राहतो आणि पूर्ण रक्कम हाती लागण्याची शक्यता कमी असते. कंपनीच्या आर्थिक अडचणींच्या बातम्या येऊ लागल्या असतील, तर 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणणाऱ्या प्रतिनिधीसाठी थांबू नये आणि रद्द करण्याचा ईमेल त्याच दिवशी पाठवावा.